डबल टॉप दिसतोय म्हणून विकू का? (४६८ ची रेषा)

कुणकेश्वरकर (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी हापूसचा सीझन संपल्यावर हातात पैसे आले, त्यातले थोडे एका शेअरात घातले होते. खरेदी ३९८ ची, डिलिव्हरी, उधारीचं काही नाही. शेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या कंपनीवरच घसरेल.

भाव ३८० च्या आसपासून चढत मे महिन्यात ५१२ ला गेला. तिथून तीन आठवड्यांत ४६८ पर्यंत खाली आला. मग पुन्हा चढला आणि गेल्या आठवड्यात ५०९ ला जाऊन वळला. आज ४८७ ला बंद झाला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने चार्टवर लाल रंगात भलामोठा एम काढून पाठवलाय आणि खाली लिहिलंय, "डबल टॉप, टार्गेट ४२४, बाहेर पडा."

प्रश्न एवढाच की डबल टॉप "झाला" असं नक्की कधी म्हणायचं? आणि विकायचं तर आज ४८७ ला, की थांबून? अडचण अशी की पाऊस सुरू झाल्यापासून आमच्याकडे दुपारच्या लाईटचा आणि नेटवर्कचा भरवसा नाही. साडेतीनला रोज स्क्रीनसमोर बसणं जमणार नाही.

चार्टवाला_चिपळूण (सोमवार, रात्री ९:२५)

झालाच की! ५१२ आणि ५०९, फरक एक टक्कासुद्धा नाही. दुसऱ्या शिखरावरचा व्हॉल्यूम बघा, पहिल्यापेक्षा कमी असणार. आरएसआयचं दुसरं शिखर पण खाली असणार. ही दोन लक्षणं असली की कन्फर्म समजायचं. ४६८ तुटायची वाट बघत बसणारे कायम उशिरा पोचतात. उद्या सकाळी विकून मोकळे व्हा.

रापण (सोमवार, रात्री ९:५२)

माका तर दिवसाक चार-चार एम दिसतत. बँक निफ्टीच्या पाच मिनिटाच्या चार्टार. मी पुट घेतलंय रे घेतलंय की मेलो बाजार वर जाता. ह्या असा कित्याक होता, ता कोणतरी सांगा आधी.

कुणकेश्वरकर (सोमवार, रात्री ९:५८)

चार्टवाला, बघितलं. व्हॉल्यूम खरंच कमी आहे. आरएसआय मला वाचता येत नाही.

सुरंगी (सोमवार, रात्री १०:४०)

कुणकेश्वरकर, आज तुमच्याकडे डबल टॉप नाही. दोन शिखरं आहेत आणि त्यांच्या मधे ४६८ ला एक खड्डा आहे, एवढंच. चढणारा शेअर एका भावाला दोनदा अडखळतो हे नेहमीचंच. तिसऱ्या खेपेला तो वर निघून गेला की त्या एमची कुणाला आठवणसुद्धा राहत नाही, आणि ग्रुपवर फोटो टाकणाराही गप्प बसतो.

मधल्या खड्ड्याला एवढं महत्त्व का, ते बघा. पहिल्या शिखरानंतर भाव पडला तेव्हा ४६८ ला कुणीतरी भरपूर माल उचलला, म्हणून तो थांबला. ते घेणारे अजून फायद्यात आहेत. भाव ४६८ च्या वर आहे तोवर त्यांना विकायची घाई नाही, उलट पुन्हा तिथे आला तर ते आणखी घेतीलही. पण भाव ४६८ च्या खाली जाऊन बंद झाला, की मेच्या शिखरापासून ज्याने ज्याने घेतलंय तो प्रत्येक जण तोट्यात जातो. मग भाव जरा वर आला की यातला प्रत्येक जण "निदान मुद्दल सुटलं" म्हणून विकायला उभा. शेअरची चाल बदलते ती तिथे. म्हणून शिखरं कितीही सारखी दिसोत, कन्फर्मेशन खड्ड्याच्या या रेषेच्या, म्हणजे नेकलाइनच्या, खालच्या क्लोजलाच.

चार्टवाला, कमी व्हॉल्यूमचं लक्षण खरं आहे, मीही बघते. त्याने शंका वाढते. पण अशी शंका मनात ठेवून वर गेलेले शेअर मी भरपूर पाहिलेत. आणि शिखरं अगदी सारखी असावीच असंही नाही, दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो. कधीकधी दुसरं शिखर पहिल्याच्या थोडं वर डोकं काढतं, नवीन उच्चांक म्हणून लोकांना आत घेतं आणि मग वळतं. तो प्रकार जास्त वाईट.

रापण, तुझ्याकडच्या एमला उलटवायला काही असतंच कुठे? आधी मोठी चढण हवी, तर शिखराला अर्थ. तासभर चाळीस-पन्नास अंकांत घोळत बसलेल्या बाजारात एम आणि डब्ल्यू आळीपाळीने निघतातच. त्यात तू ऑप्शन घेतोस, म्हणजे दिशा बरोबर आली तरी वेळ गेला की प्रीमियम झिजतो.

रापण (सोमवार, रात्री १०:५५)

ताई, सेबीचा तां ९३ टक्क्यांचा वाचलंय मी. तीन वर्षात ऑप्शन-फ्युचरवाल्या शंभरातले ९३ बुडाले म्हणान. मी ७ तला आसंय असा समजत होतंय.

अनुजा_दापोली (मंगळवार, सकाळी ८:०५)

हे वाचून काळजी वाटली. डबल टॉप येतोय म्हणजे माझी एसआयपी थांबवावी का? निफ्टी इंडेक्स फंडात दर महिन्याला जाते.

सुरंगी (मंगळवार, सकाळी ८:३०)

अनुजा, नाही गं. हे कुणकेश्वरकरांच्या एका शेअरबद्दल चाललंय, निफ्टीबद्दल नाही. आणि एसआयपी चार्ट बघून थांबवायची असेल तर ती करायचीच कशाला? चालू दे.

चार्टवाला_चिपळूण (मंगळवार, सकाळी ९:०२)

ताई, आदर आहे, पण आकडे घ्या. टार्गेट ४२४. आज विकलं तर ४८७ मिळतात. क्लोजची वाट बघितली तर ४६५ किंवा ४६० मिळणार. शेअरमागे वीस-पंचवीस रुपये "कन्फर्मेशन" नावाच्या शब्दाला देऊन टाकायचे? आणि पुस्तकं तर तीन टक्के खाली बंद व्हायला हवा म्हणतात.

सुरंगी (मंगळवार, रात्री ९:४५)

उशीर होतो ही तक्रार रास्त आहे. तेव्हा सगळ्यांना आपापल्या फोनवर तपासता येईल असं उदाहरण घेऊ. ते डबल बॉटमचं आहे, म्हणजे चित्र उलटं, नियम तोच. निफ्टीचा रोजचा चार्ट उघडा, मार्च-एप्रिल २०२५.

२७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला होता. तिथून घसरत घसरत ४ मार्च २०२५ ला २१,९६५ चा तळ झाला. सोळा टक्के पडझड, म्हणजे उलटायला पुरेसं काहीतरी होतं. मग उसळी आली ती २५ मार्चला २३,८७० पर्यंत. २ एप्रिलला अमेरिकेने आयातशुल्क जाहीर केलं आणि ७ एप्रिलच्या सोमवारी बाजार मोठ्या गॅपने खाली उघडून २१,७४४ पर्यंत गेला.

आता इथे थांबा. ४ मार्चचा तळ २२१ अंकांनी तुटला होता. ज्यांनी त्या तळाखाली स्टॉपलॉस लावले होते त्यांचा माल त्या सकाळी विकला गेला. आणखी काहींनी "तळ तुटला, आता वीस हजार" म्हणून नव्याने विकलं. पण दिवसअखेर निफ्टी २२,१६२ ला बंद झाला. ४ मार्चचा बंद होता २२,०८३. म्हणजे कँडलच्या चार्टवर दुसरा तळ पहिल्याच्या खाली आहे, आणि नुसत्या क्लोजच्या रेघेवर तोच तळ पहिल्याच्या वर आहे. दिवस तेच, चार्ट तोच. फक्त कँडलची शेपटी मोजायची की नाही एवढाच फरक.

नेकलाइनचंही तसंच. शेपट्या धरल्या तर २३,८७०. क्लोज धरले तर २५ मार्चचा बंद २३,६६९. गुरुवार १७ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, निफ्टी २३,८५२ ला बंद झाला. क्लोजवाल्यांचं कन्फर्मेशन त्या दिवशी झालं, शेपटीवाल्यांना १८ अंक कमी पडले. सोमवारी २१ तारखेला २४,१२६ ला बंद झाला तेव्हा दोघांचंही झालं.

पुढचा भाग चार्टवाल्यासाठी. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. २५ तारखेला निफ्टी दिवसभरात २३,८४८ पर्यंत खाली आला, म्हणजे बरोबर नेकलाइनवर, किंबहुना वीसेक अंक खाली. आणि बंद झाला २४,०३९ ला. ज्यांनी नेकलाइनला टेकवून स्टॉपलॉस लावला होता ते बाहेर फेकले गेले. जे क्लोज बघत होते ते आतच राहिले. ९ मे ला परत २३,९३६ पर्यंत आला, पुन्हा रेषेच्या वर बंद. १२ मे ला शस्त्रसंधीनंतर थेट २४,९२५.

आता तुझे पुस्तकातले तीन टक्के. २३,८७० वर तीन टक्के म्हणजे २४,५८६. त्याच्या वरचा पहिला क्लोज १२ मे चा, २४,९२५. तीन टक्केवाल्याने एप्रिल-मेची सगळी धाकधूक टाळली, पण २१ एप्रिलला शिरणाऱ्यापेक्षा आठशे अंक महाग घेतलं. टार्गेट किती होतं? शेपटीने उंची २,१२६, ती नेकलाइनवर चढवली की २५,९९६. क्लोजने उंची १,५८६, म्हणजे २५,२५५. जूनच्या शेवटच्या आठवड्यात क्लोजवाल्यांचं टार्गेट झालं. शेपटीवाल्यांचं तेव्हा तीनशेच्या वर अंकांनी राहिलं, मग ऑगस्टात बाजार २४,४०० च्या आसपास उतरला, आणि ऑक्टोबरात कुठे ते गाठलं गेलं.

मी स्वतः क्लोजची रेघ काढते, एक टक्क्याची गाळणी लावते आणि टार्गेटपैकी जवळचं धरते. हा माझा स्वभाव आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही.

निवांत_गणपतीपुळे (मंगळवार, रात्री १०:२०)

ताई, उदाहरण छान आहे, पण निकाल माहीत झाल्यावर निवडलेलं आहे. नेकलाइन तोडून पुन्हा उलटे फिरलेले किती? त्यांची यादी कुणी ठेवत नाही. शिवाय १२ मे ची उडी शस्त्रसंधीने आली. डब्ल्यूच्या आकाराला शस्त्रसंधीचं आधी कळलं होतं का?

मला विचाराल तर चार्टमध्ये एकच गोष्ट उपयोगी असते, आपण कुठे चुकलो ते आधी ठरवून ठेवता येतं. बाकीचा भविष्यवाणीचा भाग मी सोडून देतो.

सुरंगी (मंगळवार, रात्री १०:४१)

यादीचं मान्य. आणि आकाराला काही कळत नव्हतं हेही मान्य. ९ मे च्या रात्री उलटं घडलं असतं तर माझ्या २३,६६९ च्या रेषेखाली क्लोज आला असता आणि मी बाहेर पडले असते, तोटा घेऊन. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. पण टार्गेट अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. निदान सौदा करावा का, ते त्यावरून ठरवता येतं.

चार्टवाला_चिपळूण (मंगळवार, रात्री १०:५०)

मग ७ एप्रिलला २१,८०० ला घेणारा सगळ्यांपेक्षा शहाणा ठरला की नाही?

सुरंगी (मंगळवार, रात्री १०:५८)

ठरला. पण त्या सकाळी त्याच्याकडे डबल बॉटम नव्हता, तुटलेला तळ होता. त्याने हिमतीवर घेतलं आणि हिंमत फळली. त्याला पॅटर्नचं नाव नंतर चिकटलं.

आणि हे बघ, कुणकेश्वरकरांचा एम उथळ आहे. ५१२ ते ४६८, उंची ४४ रुपये. ४६८ च्या तीन टक्के खाली म्हणजे ४५४. तिथवर थांबलं तर ४४ मधले १४ गाळणीतच गेले, जवळजवळ तिसरा हिस्सा. खोल खड्ड्याच्या पॅटर्नला तीन टक्के परवडतात, इतक्या उथळ एमला नाही. म्हणून नियम पुस्तकातून जसाच्या तसा उचलू नये, आधी उंची मोजावी.

कुणकेश्वरकर (बुधवार, सकाळी ७:१५)

ताई, फार आभार. मग मी ४६७ ला जीटीटी लावून ठेवू का? म्हणजे लाईट असो नसो, आपोआप विकलं जाईल.

सुरंगी (बुधवार, दुपारी १:१०)

नका लावू तिथे. जीटीटीला क्लोज कळत नाही. दुपारी बारा वाजता एका सौद्यात भाव ४६७ ला टेकला, की तो सुटला. मग साडेतीनला शेअर ४७५ ला बंद होऊ दे नाहीतर ४८० ला. २५ एप्रिलला नेकलाइनला टेकवलेल्या स्टॉपलॉसवाल्यांचं जे झालं तेच तुमचं होईल. नियम क्लोजचा आणि हत्यार स्पर्शाचं, असं जोडलं की सगळ्यात जास्त फसगत होते.

साडेतीनला बसायचीही गरज नाही. उलट साडेतीनचा शेवटचा आकडा बघून धावू नका. एनएसईवर रोखबाजारातला क्लोज आजवर शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीने ठरत आलाय. शेवटचा सौदा ४६७ ला आणि क्लोज ४६९, असंही होतं. तुम्ही रात्री जेवण झाल्यावर अधिकृत क्लोज बघा. ४६८ च्या खाली असेल तर तेव्हाच दुसऱ्या दिवसासाठी आफ्टर मार्केट ऑर्डर टाका. सकाळी गॅपने खाली उघडला तर तीन-चार रुपये जातील, ते जाऊ द्यायचे.

जीटीटी लावायचाच तर फार खाली लावा, ४५० ला वगैरे. तुम्ही दोन दिवस संपर्काबाहेर असाल आणि काही भलतंच झालं तर, एवढ्यासाठी.

रापण (बुधवार, दुपारी १:४०)

दोन दिवस नाय, आमच्याकडे गेल्या पावसात पाच दिवस लाईट नव्हती. ४५० बरोबर आसा.

चार्टवाला_चिपळूण (गुरुवार, दुपारी ३:५५)

तुटला!!! क्लोज ४६४.८०. मी सोमवारी सांगितलेलं. ४८७ मिळत होते.

कुणकेश्वरकर (गुरुवार, रात्री ८:३०)

आत्ता नेट आलं. खरंच ४६४.८० दिसतंय. काल ४७२ होता. उद्याची ऑर्डर टाकू का?

निवांत_गणपतीपुळे (गुरुवार, रात्री ८:४२)

थांबा. तुम्ही नाव दिलं नाहीत, म्हणून विचारतो. डिव्हिडंड जाहीर झाला होता का? एक्स-डेट कधीची?

कुणकेश्वरकर (गुरुवार, रात्री ९:०५)

ईमेल शोधला. शेअरमागे ७ रुपये डिव्हिडंड. एक्स-डेट आज!

सुरंगी (गुरुवार, रात्री ९:३०)

निवांत, शाब्बास. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

कुणकेश्वरकर, आज सकाळी शेअरमधून ७ रुपये काढून तुमच्या नावावर टाकले गेले, ते खात्यात येतील. म्हणजे काल ४७२ ला बंद झालेला शेअर आज काहीही न घडता ४६५ ला असायला हवा होता. आहे ४६४.८०. विक्रीचा दबाव म्हणाल तर वीस पैशांचा. बोनस किंवा स्प्लिट झाला की बहुतेक चार्ट मागचे भाव आपोआप जुळवून घेतात. साध्या डिव्हिडंडसाठी बरेच चार्ट तसं करत नाहीत. मग रेषा जुन्या भावात आणि कँडल नव्या भावात, असा घोळ होतो. तुमची नेकलाइन आता ४६८ उणे ७, म्हणजे ४६१ धरा. शिखरंसुद्धा ५०५ आणि ५०२. उंची ४४ च राहते, टार्गेट मात्र ४१७.

४६१ च्या खाली क्लोज नाही. म्हणून उद्याची ऑर्डर नाही.

चार्टवाला_चिपळूण (गुरुवार, रात्री ९:४८)

हे कागदावर ठीक. पण बाजारातल्या बहुतेकांच्या चार्टवर रेषा ४६८ लाच आहे. त्यांना आज तुटलेली दिसतेय. ते उद्या विकणार. लोकांनी विकलं की भाव पडतो, मग तुमचं ४६१ घेऊन काय करायचं?

सुरंगी (गुरुवार, रात्री १०:१०)

यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. उद्या थोडी घाबरून विक्री होऊ शकते. पण मघाशी सांगितलेलं कारण आठव. ४६८ ला घेणाऱ्याच्या हातात आज ४६५ चा शेअर आणि ७ रुपये आहेत. तो तोट्यात गेलेलाच नाही. मग अडकलेला विकणारा कुठून येणार? विकतील ते फक्त चार्ट बघणारे. ते पुरेसे असतील का, ते मी सांगू शकत नाही.

निवांत_गणपतीपुळे (गुरुवार, रात्री १०:२२)

माझ्या मते इथे चार्टवाला पूर्ण चूक नाही. छोट्या शेअरात, जिथे रोजचा व्हॉल्यूमच कमी, तिथे चार्ट बघणारेसुद्धा भाव पाडू शकतात. मोठ्या कंपनीत फंडवाले असतात, त्यांना डिव्हिडंडचा हिशेब पाठ असतो.

कुणकेश्वरकर (शुक्रवार, रात्री ८:५०)

आज सकाळी ४५९.५० ला गेला होता म्हणे, मला दिसलं नाही. क्लोज ४६६.१०. ४६७ चा जीटीटी लावला असता तर कालच विकून बसलो असतो.

रापण (शुक्रवार, रात्री ९:०४)

आणि सकाळी ४६० क पुट घेणारो मी असतंय तर परत मेलंय असतंय.

चार्टवाला_चिपळूण (शुक्रवार, रात्री ९:३०)

एका दिवसावरून काही ठरत नाही. क्लोज अजून ४६८ च्या खालीच आहे. मी माझं म्हणणं मागे घेत नाही.

कुणकेश्वरकर (सोमवार, रात्री ९:१५)

आज ४६९.४० ला बंद. तर मी असं ठरवलंय: ४६१ च्या खाली क्लोज आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धे विकणार. उरलेल्या अर्ध्यांचं काय करावं ते कळत नाही. ताई, निफ्टीमध्ये भाव नेकलाइनवर परत आला तसा इथेही खालून परत वर येतो का? आला तर तिथे विकता येतील.

सुरंगी (सोमवार, रात्री ९:५०)

येतो बऱ्याचदा, पण हमी नाही. आला तर खालून ४६१ च्या आसपास येईल, एखादा दिवस रेषेच्या वर डोकावेल आणि खाली बंद होईल. तिथे उरलेले विकणं चांगलं. पण ज्या पडझडीत जोर असतो ती परत येत नाही, आणि नेमक्या त्याच पडझडीत बाहेर असणं गरजेचं असतं. म्हणून उरलेल्या अर्ध्यांसाठी खालचा आकडाही आजच लिहून ठेवा. मी तुमच्या जागी असते तर ४५० च्या खालचा क्लोज धरला असता, मग परत येण्याची वाट नाही. जीटीटी तिथून आणखी खाली न्या, म्हणजे तो फक्त लाईट गेलेल्या दिवसांसाठी उरेल.

आणि रेषेच्या वर दोन-तीन क्लोज आले तर तो तुटल्याचा प्रकार फसला असं समजा. अशा वेळी विकलेले परत घ्यायचे की नाही, हे मात्र मलाही दरवेळी जमलेलं नाही.

चार्टवाला_चिपळूण (सोमवार, रात्री १०:०५)

दोन की तीन?

सुरंगी (सोमवार, रात्री १०:१२)

मी दोन धरते. निवांत तीन म्हणतील.

निवांत_गणपतीपुळे (सोमवार, रात्री १०:३०)

मी विकलेलं परत घेतच नाही.